एकच पेपर दोनदा घेऊन विश्वसनीयता काढताय? गुणांक शेवटी काढा, आधी हे वाचा

एम.एड.च्या लघुप्रबंधासाठी स्वतःची संपादन चाचणी तयार केली की गाईड विचारतात, विश्वसनीयता काढली का, आणि मग सगळ्यात सोपी वाटते म्हणून चाचणी-पुनर्चाचणी पद्धत निवडली जाते. सोपी वाटते कारण करायचं काय, तर तोच पेपर त्याच मुलांना दोनदा द्यायचा, गुणांच्या दोन रांगांचा सहसंबंध काढायचा, आकडा लिहायचा. माझ्याकडे अशी कामं तपासायला येतात आणि त्यात आकडेमोड चुकलेली क्वचितच असते, कारण ती एक्सेल करतो. चुकतं ते आधीच, दोन पेपरच्या मधल्या दिवसांत आणि गुण शीटमध्ये टाकताना. आणि गंमत म्हणजे चुकलं तरी एक्सेल आकडा देतोच, त्यामुळे कोणाच्या लक्षात येत नाही.

म्हणून खाली क्रमाने लिहितोय. उदाहरण एकच घेतलंय, सातवीसाठी अपूर्णांकावरची 25 गुणांची चाचणी. आकडे मी समजायला सोपे जावेत म्हणून रचलेले आहेत आणि मुलं फक्त 12 ठेवलीत, म्हणजे कॅल्क्युलेटरवर तुम्हालाही पडताळता येतील. खऱ्या कामात 12 मुलं चालणार नाहीत, का ते पुढे येईलच.

## 1. आधी ठरवा, ही पद्धत तुमच्या चाचणीला लागू पडते का

पुनर्चाचणीमागचं गृहीतक एवढंच आहे की दोन पेपरच्या मधे मुलाला जे येतं ते बदललेलं नाही. ते बदललं नाही तर गुणही फारसे बदलायला नकोत, आणि जे बदलतात ते चाचणीच्या अस्थिरपणामुळे, असा हिशोब. आता तुमच्या धड्याचं शिकवणं चालू असेल, तर हे गृहीतक तिथेच संपतं. मुलं रोज थोडं थोडं शिकतायत आणि प्रत्येक जण वेगवेगळ्या वेगाने शिकतोय, मग दुसऱ्या वेळी वर्गातला क्रम हलणारच, त्यात चाचणीचा दोष नाही.

त्यामुळे धडा शिकवून, उजळणी होऊन, निदान दोनेक आठवडे झालेले असावेत आणि मधल्या काळात त्या धड्याला कोणी हात लावणार नसावा. हे जमणार नसेल तर ही पद्धत सोडा आणि एकदाच पेपर घेऊन अर्धविच्छेद किंवा क्रॉनबॅक अल्फा काढा. पण ते वेगळ्या प्रश्नाचं उत्तर आहे हे लक्षात ठेवा. अल्फा सांगतो की प्रश्न एकमेकांशी किती जुळतात, पुनर्चाचणी सांगते की आज मिळालेले गुण दोन आठवड्यांनी किती टिकतात. एक काढून दुसऱ्याचं नाव लिहिलेलं मी पाहिलंय.

## 2. मधलं अंतर कॅलेंडर समोर ठेवून ठरवा

"पंधरा दिवसांचे अंतर ठेवले" हे वाक्य सगळ्यांच्या प्रबंधात असतं, पण पंधराच का हे कोणी सांगत नाही. अंतर फार कमी ठेवलं, म्हणजे दोन-तीन दिवस, तर मुलांना उत्तरं आठवतात. अपूर्णांकाच्या पेपरात हे जास्तच होतं, कारण "सातव्याचं तीन चतुर्थांश आलं होतं" एवढं कोणाच्याही लक्षात राहतं, मग गणित न करता तेच लिहिलं जातं, बरोबर असो की चूक. अशा वेळी गुणांक छान येतो पण तो स्मरणशक्तीचा असतो. उलट दोन-अडीच महिने गेले तर काही मुलं विसरतात, काही क्लासला शिकतात आणि गुणांक पडतो.

शाळेतल्या संपादन चाचणीला दोन ते तीन आठवडे सहसा बरे पडतात. पण नुसते दिवस मोजू नका, त्या दिवसांत काय काय आहे ते बघा. गणपतीची सुट्टी, दिवाळी, सहामाही, स्नेहसंमेलनाची तालीम, आणि सगळ्यात घातक म्हणजे त्याच विषयाची घटक चाचणी. घटक चाचणी मधे आली की मुलं अपूर्णांक पुन्हा उघडणार. वर्गशिक्षकांना आणि गणिताच्या बाईंना आधी भेटून स्पष्ट विचारा की या तारखांच्या मधे तुम्ही हा धडा घेणार आहात का. आणि हो, मागे राहिलेल्या मुलांसाठी पूरक वर्ग चालू असतील तर तेही विचारा, कारण ते सगळ्यांसाठी नसतात, निवडक मुलांसाठी असतात, आणि नेमकं तेच जास्त त्रास देतं. कसं ते उदाहरणात दिसेल.

तपासा: दोन्ही तारखा एकाच वाराच्या आणि एकाच तासाच्या आहेत का? पहिला पेपर मंगळवारी तिसऱ्या तासाला आणि दुसरा शनिवारी सुटायच्या आधी असं नको.

## 3. कोणती मुलं आणि किती

ज्या मुलांसाठी चाचणी आहे तशीच मुलं हवीत, म्हणजे सातवीचा अख्खा वर्ग, हुशार-मध्यम-कच्ची सगळी. स्कॉलरशिपची तुकडी सोयीची असते कारण शिस्तीत बसते, पण तिथे सगळ्यांचे गुण जवळजवळ असतात आणि गुण जवळ असले की थोड्याशा चढउतारानेही क्रम उलटासुलटा होतो. उलटा प्रकारही होतो. मुलं कमी पडतायत म्हणून पाचवी, सातवी आणि नववी एकत्र केली जातात. मग नववीवाले वर आणि पाचवीवाले खाली हे दोन्ही वेळा राहणारच, गुणांक फुगतो आणि सातवीच्या वर्गात चाचणी किती स्थिर आहे ते कळतच नाही.

संख्येबद्दल एक साधी गोष्ट. समजा गुणांक 0.89 आला. मुलं 12 असतील तर 95 टक्के विश्वास मर्यादा साधारण 0.66 ते 0.97 येतात, म्हणजे चाचणी जेमतेम आहे की उत्तम आहे हेच ठरत नाही. मुलं 60 असतील तर त्याच 0.89 भोवती मर्यादा 0.83 ते 0.94 होतात. म्हणून निदान पन्नास-साठ मुलं दोन्ही वेळा हजर मिळतील असं बघा, म्हणजे सुरुवात सत्तरेकांनी करा. गळती होतेच.

## 4. पहिला पेपर

पेपर घेताना काय काय केलं ते वहीत लिहून ठेवा, कारण दोन आठवड्यांनी तेच्या तेच परत करायचंय. सूचना तोंडी काय दिल्या, वेळ किती दिला, कच्चं काम पेपरवरच करू दिलं की वेगळा कागद दिला, कोणी शंका विचारली तर काय सांगितलं. "सर, इथे बेरीज करायची का?" याला पहिल्या वेळी "हो" म्हणालात आणि दुसऱ्या वेळी "प्रश्न नीट वाच" म्हणालात तर तो फरक थेट गुणांत उतरतो.

सुटताना प्रश्नपत्रिका मोजून परत घ्या, कच्च्या कामाचे कागदसुद्धा. तपासलेले पेपर मुलांना दाखवायचे नाहीत, उत्तरं फळ्यावर सोडवायची नाहीत, गुण सांगायचे नाहीत. यात मुलांपेक्षा शिक्षकच जास्त घात करतात आणि तो चांगल्या हेतूने करतात. पेपरमध्ये वर्ग कच्चा दिसला की बाई दुसऱ्या दिवशी तेच प्रश्न समजावून देतात. त्यांना आधीच सांगून ठेवा की दुसरा पेपर झाला की मी स्वतः येऊन सगळं सोडवून दाखवीन, तोपर्यंत थांबा. आणि ते नंतर खरंच करा.

दुसऱ्यांदा पेपर होणार हे मुलांना सांगायचं का? माझं मत, तारीख सांगू नका आणि "हाच पेपर" असं तर अजिबात सांगू नका. शाळेची आणि पालकांची परवानगी घेताना मात्र मुलं दोनदा बसणार आहेत हे लेखी असायला हवं.

सावधान: पहिल्या वेळेलाच बऱ्याच मुलांना 25 पैकी 23-24-25 पडले तर तिथेच थांबा. वर जायला जागाच उरलेली नाही, अशा पेपरची पुनर्चाचणी घेऊन काही हाती लागत नाही. आधी प्रश्न बदला, मग सुरुवात करा.

## 5. दुसरा पेपर, अगदी तोच

तोच म्हणजे तोच. प्रश्नांचा क्रम बदलायचा नाही, आकडे बदलायचे नाहीत. "मुलांना आठवू नये म्हणून संख्या थोड्या बदलल्या" असं केलंत तर ती समांतर चाचणी झाली, तिची पद्धत वेगळी, नाव वेगळं, आणि ते दोन पेपर खरंच समांतर आहेत हे दाखवायची जबाबदारी वेगळी.

दुसऱ्या वेळी वर्गात एक आवाज हमखास येतो, "सर, हा तर झालाय!" त्यावर हसून वेळ मारून नेऊ नका, कारण त्या क्षणी अर्ध्या वर्गाचा रस जातो. शांतपणे सांगा की हो, झालाय, आजही तेवढ्याच मनापासून सोडवा. आणि मग लक्ष ठेवा की किती जण वेळेच्या बरंच आधी पेपर देतायत. दोन्ही वेळा पेपर दिल्याची वेळ कोपऱ्यात पेन्सिलने टाकली आणि कोरे सोडलेले प्रश्न मोजले तर कंटाळून लिहिलेले पेपर नंतर ओळखू येतात.

तपासणी एकाच व्यक्तीने, एकाच उत्तरसूचीने करायची. अर्धे गुण कशाला द्यायचे ते उत्तरसूचीत आधी लिहा, जसं की रीत बरोबर पण संक्षिप्त रूप दिलं नाही तर किती. जमत असेल तर दोन्ही वेळचे पेपर एकत्र मिसळून, नाव झाकून, आधी सगळ्यांचा पहिला प्रश्न, मग सगळ्यांचा दुसरा, असं तपासा. पहिल्या वेळचे गुण समोर ठेवून दुसरा पेपर तपासला तर हात आपोआप तेवढेच गुण देतो, आणि मग ती तुमची स्थिरता मोजली जाते, चाचणीची नाही.

## 6. गुण शीटमध्ये टाकणं (इथे सगळ्यात जास्त पडझड होते)

दोन वेगळ्या शीट करा. पहिल्या शीटमध्ये हजेरी नंबर आणि पहिले गुण, Sheet2 मध्ये हजेरी नंबर आणि दुसरे गुण. नावावरून जोडू नका, एकाच वर्गात दोन ओंकार आणि तीन साक्षी असतात आणि स्पेलिंग दरवेळी वेगळं. नंबरावरून जोडा. पहिल्या शीटच्या C कॉलममध्ये:

```
=VLOOKUP(A2,Sheet2!A:B,2,FALSE)
```

आता गैरहजर मुलांचं. दुसऱ्या वेळी जो आला नाही त्याचा नंबर Sheet2 मध्ये टाकूच नका, म्हणजे त्याच्यापुढे #N/A दिसेल आणि तो डोळ्यांना खुपेल. नंबर टाकून गुणांचा रकाना रिकामा सोडलात तर हा फॉर्म्युला तिथे गुपचूप 0 आणतो. आणि 0 हा एक्सेलसाठी खरा गुण आहे. #N/A आलेली ओळ पूर्ण काढून टाका, पण किती काढल्या ते लिहून ठेवा.

आपली 12 मुलं अशी आहेत:

| हजेरी नं. | पहिला | दुसरा | फरक |
|---|---|---|---|
| 1 | 14 | 19 | +5 |
| 2 | 21 | 21 | 0 |
| 3 | 10 | 11 | +1 |
| 4 | 16 | 20 | +4 |
| 5 | 8 | 12 | +4 |
| 6 | 19 | 22 | +3 |
| 7 | 12 | 13 | +1 |
| 8 | 23 | 23 | 0 |
| 9 | 13 | 14 | +1 |
| 10 | 18 | 18 | 0 |
| 11 | 11 | 16 | +5 |
| 12 | 15 | 15 | 0 |

यांचा गुणांक 0.89 येतो. आता समजा तेरावा मुलगा होता, पहिल्या वेळी 19 गुण, दुसऱ्या वेळी गैरहजर, आणि त्याच्यापुढे 0 राहिला. गुणांक किती होतो? 0.36. एका शून्याने. चाचणी तीच, मुलं तीच, आणि तुम्ही महिनाभर प्रश्न बदलत बसाल.

उलट्या दिशेची चूक जास्त गोड असते. एकदा एक विद्यार्थिनी 0.99 घेऊन आली, चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. शीट बघितली तर दोन्ही कॉलम वरून खाली चढत्या क्रमाने. तिने गुण "नीट लावले" होते, पण प्रत्येक कॉलम वेगवेगळा सॉर्ट केला होता, म्हणजे पहिल्या वेळच्या सर्वात कमी गुणांशेजारी दुसऱ्या वेळचे सर्वात कमी गुण, मग ती कोणाची का असेनात. वरच्या तक्त्यात तसं करून बघा, 0.89 चा 0.99 होतो. पाहिजे तर अगदी रद्दी चाचणीवर करून बघा, तिथेही चांगलाच आकडा येईल.

तपासा: कोणतेही पाच हजेरी नंबर मनाने घ्या, दोन्ही मूळ पेपर काढा आणि शीटमधले गुण त्यांच्याशी जुळवा. पाच मिनिटांचं काम आहे. एखाद्या ठिकाणी ओळ सरकली असेल तर इथे सापडते.

## 7. गुणांक

एवढं सगळं झाल्यावर एक ओळ:

```
=CORREL(B2:B13,C2:C13)
```

हाताने पडताळायचं असेल तर ΣX = 180, ΣY = 204, ΣX² = 2930, ΣY² = 3650, ΣXY = 3243 आणि N = 12.

```
r = (12×3243 − 180×204) / √[(12×2930 − 180²)(12×3650 − 204²)]
  = 2196 / √(2760 × 2184)
  = 2196 / 2455.2
  = 0.89
```

इथे दोन गोष्टी करायच्या नाहीत. एक, या आकड्याचा वर्ग करायचा नाही. 0.89 हाच विश्वसनीयता गुणांक, तो 0.79 नव्हे. दोन, स्पीअरमन-ब्राऊनचं सूत्र लावायचं नाही. ते अर्धविच्छेदासाठी आहे, कारण तिथे अर्ध्या-अर्ध्या पेपरचा सहसंबंध काढून पूर्ण पेपरचा अंदाज करायचा असतो. इथे दोन्ही वेळा पूर्ण पेपरच होता, वाढवायचं काय? तरी लावलं तर 0.89 चा 0.94 होतो, म्हणूनच लावायचा मोह होतो.

## 8. आकडा आला की लगेच लिहू नका, फरकाचा कॉलम बघा

सहसंबंध फक्त एवढंच बघतो की पहिल्या वेळी सरासरीच्या वर-खाली कोण किती होतं आणि दुसऱ्या वेळी ते चित्र किती तसंच राहिलं. सगळ्या मुलांना दुसऱ्या वेळी सरसकट 5 गुण वाढवून दिले तरी गुणांक तसूभरही हलत नाही. म्हणून सरासरी वेगळी बघायलाच लागते. आपल्या उदाहरणात पहिली सरासरी 15, दुसरी 17. दोन गुणांची वाढ, पंचवीसात, कमी नाही.

आता फरकाच्या कॉलममध्ये एक गोष्ट डोळ्यात भरते, एकाही मुलाचे गुण कमी झालेले नाहीत. गुण निव्वळ योगायोगाने हलत असते तर काहींचे वाढले असते, काहींचे उतरले असते. इथे सगळे एकतर तिथेच आहेत किंवा वर गेलेत, म्हणजे सराव, आठवण किंवा शिकवणं यातलं काहीतरी झालंय. मग कोणाचं वाढलंय ते बघा. 1, 4, 5 आणि 11 नंबर, चौघंच 4-5 गुणांनी वर गेली, बाकीच्यांत सहावा नंबर सोडला तर एखादा गुण किंवा काहीच नाही. वाढ अशी चौघांतच साठलेली असेल तर आधी हजेरीपट बघा. ही चौघं पूरक वर्गाला बसत होती का? एकाच क्लासला जातात का? दुसऱ्या वेळी एका बाकावर होती का? यातलं काही सापडलं तर तुम्ही ज्याला चाचणीची अस्थिरता म्हणताय तो खरंतर शिकण्याचा किंवा कॉपीचा परिणाम आहे.

इथे एक मोह होतो तो सांगून टाकतो. ही चौघं काढून उरलेल्या आठांचा गुणांक काढला तर 0.97 येतो. छान दिसतं. पण "ज्यांचे गुण जास्त बदलले त्यांना काढलं" असं केल्यावर गुणांक वाढणारच, तो वाढण्यासाठीच तर काढलं. पूरक वर्गाची लेखी नोंद असेल आणि त्या वर्गातली सगळी मुलं काढत असाल, ज्यांचे गुण बदलले नाहीत तीसुद्धा, तर चालेल, आणि दोन्ही आकडे लिहायचे. नाहीतर हात लावू नका.

याच तक्त्यातून पहिल्या वेळी 16 आणि त्यावर गुण मिळवलेली पाच मुलं तेवढी घेऊन बघा, गुणांक 0.69 वर येतो. पाच मुलांच्या आकड्यावर फार भरवसा ठेवू नये, पण तिसऱ्या पायरीत स्कॉलरशिपच्या तुकडीबद्दल जे म्हटलं ते हेच. चाचणी बदलली नाही, फक्त वर्ग अरुंद झाला.

तपासा: एक स्कॅटर चार्ट काढा, आडवा पहिला पेपर, उभा दुसरा. एखादा ठिपका बाकीच्यांपासून फार लांब दिसला तर त्या मुलाचे दोन्ही पेपर हातात घ्या. बरेचदा बेरीज चुकलेली असते किंवा मागचं पान तपासायचं राहिलेलं असतं.

## 9. आकड्याचा अर्थ लावणं

"सहसंबंध 0.01 स्तरावर सार्थक आहे, म्हणून चाचणी विश्वसनीय आहे." हे वाक्य कृपया लिहू नका. सार्थक म्हणजे सहसंबंध शून्य नाही एवढंच. साठ मुलं असतील तर 0.35 सुद्धा 0.01 स्तरावर सार्थक ठरतो, आणि 0.35 विश्वसनीयतेची चाचणी कोणी वापरू नये. त्याच मुलांनी तोच पेपर दोनदा सोडवलाय, सहसंबंध शून्य नसणारच, त्यात सिद्ध काय केलं?

शाळेतल्या संपादन चाचणीला 0.80 च्या पुढे साधारण बरं मानतात, आणि एखाद्या मुलाबद्दल मोठा निर्णय घ्यायचा असेल तर 0.90 च्या आसपास मागतात. हे संकेत आहेत, कायदा नव्हे. मला स्वतःला यापेक्षा मापनाची प्रमाण त्रुटी जास्त उपयोगी वाटते कारण ती गुणांच्या भाषेत बोलते:

```
=STDEV.S(B2:B13)*SQRT(1-CORREL(B2:B13,C2:C13))
```

आपल्या मुलांसाठी प्रमाण विचलन 4.57 आहे आणि ही त्रुटी साधारण 1.5 गुण येते. म्हणजे एखाद्याला 15 पडले तर त्याचे खरे गुण साडेतेरा ते साडेसोळाच्या मधे असतील असं तीनातल्या साधारण दोन वेळा म्हणता येईल. मग 15 वाला आणि 16 वाला यांच्यात कोण पुढे यावर वाद घालण्यात अर्थ नाही, हे 0.89 बघून कळत नाही, दीड गुण बघून लगेच कळतं.

विश्वास मर्यादा काढायला:

```
=FISHERINV(FISHER(0.89)-1.96/SQRT(12-3))
=FISHERINV(FISHER(0.89)+1.96/SQRT(12-3))
```

12 च्या जागी तुमची मुलं, 0.89 च्या जागी तुमचा गुणांक. एक्सेलमध्ये आणि गुगल शीटमध्ये दोन्हीकडे चालतं. इथे गोळाबेरीज 0.89 घातलाय म्हणून खालची मर्यादा 0.65 दिसेल, पूर्ण आकडा घातला तर 0.66.

आणि गुणांक कमी आला तर? लगेच प्रश्नांवर तुटून पडू नका. आधी सहावी पायरी परत करा, शून्य आणि सरकलेल्या ओळी शोधा. मग फरकाचा कॉलम, मग मधल्या दिवसांत वर्गात काय झालं ते. हे सगळं साफ निघालं तर मग चाचणीकडे या. प्रश्न फार थोडे आहेत का, भाषा दुहेरी अर्थाची आहे का, चार पर्यायांच्या प्रश्नांत मुलं अंदाजाने टिक करतायत का. कोणत्या प्रश्नाचं उत्तर सर्वात जास्त मुलांनी दुसऱ्या वेळी बदललं ते प्रश्नवार मोजलं की दोषी प्रश्न लवकर सापडतात.

## 10. प्रबंधात कसं लिहायचं

"विश्वसनीयता 0.89" एवढी एक ओळ पुरेशी नाही, कारण अंतर आणि मुलं सांगितल्याशिवाय तो आकडा कशाबद्दल आहे तेच कळत नाही. समजा 66 मुलांपासून सुरुवात झाली, तर असं लिहिता येईल:

"इयत्ता सातवीच्या दोन तुकड्यांतील 66 विद्यार्थ्यांना अपूर्णांक या घटकावरील 25 गुणांची चाचणी दिली व 14 दिवसांनी तीच चाचणी, त्याच वारी, त्याच तासाला, त्याच सूचनांसह पुन्हा दिली. मधल्या काळात हा घटक वर्गात शिकवला गेला नाही. दुसऱ्या वेळी 6 विद्यार्थी गैरहजर होते, त्यांना वगळले. उरलेल्या 60 विद्यार्थ्यांच्या दोन वेळच्या गुणांतील पिअरसन सहसंबंध गुणांक, त्याच्या 95 टक्के विश्वास मर्यादा, दोन्ही वेळची सरासरी व प्रमाण विचलन आणि मापनाची प्रमाण त्रुटी पुढील तक्त्यात दिली आहे."

पूरक वर्ग झाला असेल तर "शिकवला गेला नाही" हे वाक्य खोटं ठरतं, तिथे झालं ते लिहा. आणि परिशिष्टात 60 ओळींचा तक्ता जोडा, हजेरी नंबराऐवजी स्वतःचे क्रमांक देऊन, नावं काढून. व्हायव्हाला बाहेरचे परीक्षक नेमका तोच तक्ता उघडतात आणि दोन्ही कॉलम चढत्या क्रमाने दिसले की पेन खाली ठेवतात.